सरांचा नऊचा पाढा

"शाळेतलं गणित पुढे कुठेच उपयोगी पडत नाही."

पडतं हो! आठवीत सरांनी फळ्यावर ७३ लिहिले, अंक उलटवून ३७ केले आणि वजाबाकी करायला लावली. उत्तर ३६. मग ८२ आणि २८, फरक ५४. "अंक उलटले की फरकाला नऊने भाग जातोच."

वीस वर्षांनी पतसंस्थेत संध्याकाळी रोजकीर्द जुळेना, २७० रुपयांचा फरक. सगळे पुन्हा बेरजा मारत बसले. मी नऊने भागलं, आले ३०. म्हणजे शतक-दशक उलटलेत आणि त्या दोन अंकांत ३ चा फरक. ६३० ची पावती ३६० म्हणून चढवलेली लगेच सापडली. (३०० चे ३० लिहिले तरी फरक २७०च येतो, तेही बघायचं.) सर, त्या संध्याकाळी तुमची खडूने माखलेली बाही आठवली. मनापासून आभार.