पाळीच आली नाही, मग टेस्ट कशाला?

"अहो, तिला अजून पाळीच आलेली नाही. ही टेस्ट कशाला करताय?"

ठाण्यात स्त्रीरोगाच्या ओपीडीत नर्स म्हणून काम करते, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे. मागच्या पावसाळ्यात कळव्याच्या एका बाईंनी ते एवढ्या मोठ्याने म्हटलं की बाहेर बाकावर बसलेल्या बायका दारातून डोकावल्या. मुलगी १४ वर्षांची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) पोट धरून बसलेली, सकाळपासून लघवी अडलेली. डॉक्टर मॅडमनी नळी घालून लघवी काढायला सांगितली आणि त्यातलेच चार थेंब यूपीटीला, म्हणजे गर्भ राहिलाय का ते बघायच्या लघवीच्या टेस्टला, लावायला सांगितले. झालं, आईचा पारा चढला. आमच्या मुलीवर संशय घेता?

बाईंचा राग मला समजतो. तरी टेस्ट करायलाच हवी होती, असंच माझं मत आहे. संशयाचा इथे प्रश्नच नसतो, प्रश्न हिशोबाचा असतो.

आपण पाळीला सुरुवात धरतो, कारण डोळ्यांना तीच दिसते. शरीरात मात्र ती शेवटी येते. आधी अंडाशयातून बीज सुटतं. गर्भ राहिला नाही, तर साधारण १४ दिवसांनी गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं, तीच पाळी. समजा एखाद्या मुलीचं आयुष्यातलं पहिलं बीज १ जूनला सुटलं. पहिला डाग दिसणार तो १५ जूनच्या आसपास. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पण पुरुषाचे शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे २७ मे ते २ जून या दिवसांत संबंध आला असेल, तर एकही पाळी न येता गर्भ राहू शकतो. आणि राहिला, तर १५ जूनची पाळी येणारच नाही. घरच्यांना कळणार कसं? तारीखच नव्हती, तर चुकली कुठली म्हणायची? 'अजून आली नाही, येईल' म्हणत महिने निघून जातात.

असं क्वचित होतं, हेही सांगते, उगाच कोणी घाबरू नका. बहुतेक मुलींच्या पहिल्या काही पाळ्या बीज न सुटताच येतात. इस्ट्रोजेनने अस्तर जाड होत जातं, पण बीज सुटत नाही, म्हणून ते अस्तर धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग ते कधीतरी आपोआप ढासळतं. म्हणूनच सुरुवातीला कधी २५ दिवसांनी, तर कधी ४५ दिवसांनी पाळी येते. पण कुठल्या महिन्यात बीज सुटलं आणि कुठल्या नाही, हे बाहेरून कोणालाच कळत नाही. म्हणून डॉक्टर 'पाळी नाही' या उत्तरावर थांबत नाहीत.

टेस्ट पॉझिटिव्ह आली असती तर? १८ वर्षांखालची मुलगी म्हटल्यावर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. उपचार मात्र त्यासाठी अडवून ठेवता येत नाहीत. आणि गुन्हा मुलीच्या नावावर लागत नाही, हे आयांना दर वेळी समजावून सांगावं लागतं.

आमच्या या मुलीची टेस्ट निगेटिव्ह आली. मग मॅडमनी आईला विचारलं, "छाती कधी भरायला लागली?" अकराव्या वर्षी. त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते, म्हणजे हिची यायला हवी होती. पुढचा प्रश्न, "पोट दर महिन्याला दुखतं का?" आई जरा थबकली. "दुखतं ना, तीन-चार दिवस. आम्हाला वाटलं गॅस. ओवा देते मी."

सोनोग्राफीत योनिमार्ग जुन्या रक्ताने तुडुंब भरलेला. तोंडाशी असलेल्या पडद्याला जन्मापासूनच छिद्र नव्हतं. म्हणजे पाळी कित्येक महिने येत होती, फक्त बाहेर पडायला वाट नव्हती. साचलेल्या रक्ताचा दाब मूत्रमार्गावर येऊन लघवी अडली. दुसऱ्या दिवशी पडद्याला छेद देण्याचं छोटं ऑपरेशन झालं आणि मुलगी चालत घरी गेली.

हिवाळ्यात त्याच बाई परत आल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानंच गुंडाळून घेऊन. लाल पेनाने गोल केलेले. एकदा ३३ दिवस, एकदा ४४, एकदा ५२. "हे काय हो आता?" मी सांगितलं, सुरुवातीच्या वर्षात एखादं अंतर असं लांबतं. सलग ९० दिवस आली नाही, रक्तस्राव ७ दिवसांच्या वर गेला किंवा तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागलं, तर लगेच घेऊन या. पानं त्यांनी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "आणि आलो तर ती टेस्ट आधीच करून घ्या, मी काही बोलणार नाही."