वकीलपत्र घ्यायचं कोणी?

“आरोपी गुन्हेगार आहे हे एखाद्या वकीलबाईंना मनातून पटलेलं असतं, तरी त्या त्याच्या बाजूने उभ्या राहतात. त्यांना रात्री झोप लागते कशी?” – घरच्या ग्रुपवर भाच्याचा प्रश्न.

लागते. इथे लेस्टरमध्ये माझ्या ओळखीच्या एक बॅरिस्टर आहेत, बरीच वर्षं आरोपींच्या बाजूने खटले चालवतात. त्या म्हणतात, “मला काय वाटतं यावर निकाल लावायचा तर ज्युरी कशाला बसवली?” पण आपल्या चर्चेत सहसा न येणारी एक रेघ त्या लगेच ओढतात. अशिलाचा संशय येणं वेगळं आणि ‘होय, मीच केलं’ असं त्याने त्यांना सांगणं वेगळं. नुसता संशय असेल तर सगळा बचाव मांडायचा. कबुली दिली आणि तरी गुन्हा अमान्यच करायचा म्हणाला, तर सरकारी पुरावा तपासायचा: साक्षीदार किती लांब होता, उजेड होता का, पोलिसांच्या नोंदींत काय आहे. पण तो तेव्हा दुसरीकडे होता किंवा हे दुसऱ्याच कोणी केलं, असं सुचवायचं नाही.

ही रेघ लंडनमध्ये 1840 साली एका खटल्याने गाजली. लॉर्ड विल्यम रसेल यांचा झोपेत गळा चिरला गेला. संशय त्यांचा स्विस नोकर कुर्व्हाझिए याच्यावर होता. खटला सुरू असताना घरातून गेलेली चांदीची भांडी एका हॉटेलात सापडली, ती त्यानेच तिथे ठेवली होती. त्याने वकील चार्ल्स फिलिप्स यांना खून कबूल केला आणि वर म्हणाला, बचाव मात्र जोरात करा. फिलिप्स खटला सोडायला निघाले होते. त्यांनी न्यायपीठावर बसलेल्या बॅरन पार्क यांना गाठलं. आरोपीची इच्छा असेल तर पुराव्यातून निघणारे सगळे रास्त मुद्दे मांडा, असं उत्तर मिळालं. शेवटी आरोपीला फाशी झाली, कबुलीची गोष्ट बाहेर आली आणि लोक फिलिप्सवर तुटून पडले.

माझ्या मते खटला न सोडण्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण कबुलीनंतरच्या भाषणात त्यांनी पोलिसांवर आणि हॉटेल चालवणाऱ्या बाईवर जे आरोप केले, ते भूमिकेच्या नावाखाली खपवता येणार नाहीत. रसेल यांच्या घरातल्या मोलकरणीला त्यांनी कबुलीआधीच धारेवर धरलं होतं, तेव्हा खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. वकिलाची भूमिका पुराव्याला आव्हान द्यायला मुभा देते, निरपराध माणसाच्या अंगावर गुन्हा ढकलायला नाही. बॅरिस्टरबाईंना हे पूर्ण पटत नाही. पोलिसांवर संशय घ्यायचाच नाही, तर बचाव उरतो काय, असं त्या विचारतात. आमचं यावर अजून जमलेलं नाही.

“पैसे मिळाले की वकील काहीही करतात,” असं मेहुण्यांचं मत. ते अर्धंच खरं. सरकारी मदतीच्या खटल्यांची फी परवडत नाही म्हणून इथल्या फौजदारी बॅरिस्टरांनी 2022 मध्ये संप केला होता. आत्याने मात्र विचारलं, या बाई आपल्या सांगलीच्या जमिनीचा दावा घेतील का!

इथे बॅरिस्टरला एक मोठा आधार आहे: टॅक्सीच्या रांगेचा नियम. पुढे येईल तो अशील, आवडो न आवडो, घ्यायचा. त्यामुळे ‘यालाच का घेतलंस?’ हा प्रश्न शेजारी विचारत नाही. पळवाट आहेच, डायरी भरलेली आहे असं क्लार्क सांगू शकतो.

आपल्याकडे बार कौन्सिलचा नियमही स्पष्ट आहे: आरोपीच्या गुन्ह्याबद्दल वैयक्तिक मत काहीही असो, त्याचा बचाव करावा. काही आरोपींचं वकीलपत्र न घेण्याचे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये बेकायदा ठरवले. तरी मुंबईत काय घडलं ते आठवा. 2009 मध्ये न्यायालयाने कसाबसाठी अंजली वाघमारे यांना नेमलं, तर त्यांच्या वरळीच्या घरावर दगडफेक झाली. पुढे वेगळ्याच कारणाने, हितसंबंधांच्या प्रश्नावरून, त्यांना बाजूला केलं गेलं. त्याच खटल्यात फहीम अन्सारीवर नकाशे पुरवल्याचा आरोप होता. मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या रक्ताने भिजलेल्या कपड्यांत नकाशा सापडला म्हणे, पण नकाशावर रक्ताचा डाग नव्हता. अन्सारी सुटला, सर्वोच्च न्यायालयातही सुटका कायम राहिली. त्याचे वकील शाहिद आझमी यांना निकालाआधीच, फेब्रुवारी 2010 मध्ये, कुर्ल्याच्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घातल्या गेल्या.

म्हणून भाच्याला माझं म्हणणं एवढंच की झोपेची चौकशी करण्यापेक्षा खटला वकिलाकडे येतो कसा ते बघ. आपल्याकडे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत 2022 पासून पूर्णवेळ बचाव वकील नेमायला सुरुवात झाली आहे. त्यांच्याकडे खटला नेमणुकीने येतो, तो त्यांनी निवडलेला नसतो. आता त्यांचा पगार किती ठेवायचा आणि त्यांच्या घराबाहेर बंदोबस्त कोणी द्यायचा, यावर ग्रुपवर भांडूया.