गंजलेली सळई: आधी ब्रश, मग वजनकाटा

साइटवर मिळणारा सल्ला असा: "पावसाळाभर साइटवर पडलेल्या सळ्या बिनधास्त वापरा. गंजाने पकड उलट वाढते. सिमेंटमध्ये गेल्यावर गंज मरतो. शंका वाटली तर वरून सिमेंटचं पाणी मारा, झालं काम."

पकडीचं अर्धंच खरं. बोटाला तांबूस पूड लागण्याइतका गंज असेल तर पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पकड बिघडत नाही. खपल्या सुटायला लागल्या की काँक्रीट खपलीला चिकटतं, सळईला नाही. काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ म्हणूनच सुटा गंज आणि चिखल काढायला सांगतं. सांगलीत कृष्णेचं पाणी येऊन गेलेल्या साइटवर तर रिबांच्या मध्ये गाळ घट्ट बसतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, वाळल्यावर तारेचा ब्रश मारा.

खरा प्रश्न मात्र पकडीचा नाही, लोखंड किती उरलं याचा आहे. चांगल्या, अल्कधर्मी काँक्रीटमध्ये गंजाचा वेग मंदावतो हे बरोबर, पण झिजलेलं लोखंड परत येत नाही. कॉलम-बीमच्या उभ्या-आडव्या सळ्यांभोवती बांधलेली ८ मिमीची रिंग झिजून ७ मिमी झाली, तर तिचं जवळजवळ पाव क्षेत्रफळ गेलं. डोळ्यांना ते कळत नाही, काट्यावर कळतं. सर्वात खराब दिसणाऱ्या सळईतून बरोबर एक मीटर तुकडा सरळ कापा, ब्रशने चकचकीत करा आणि ग्रॅममध्ये तोला. ८ मिमीचं प्रमाण वजन ३९५ ग्रॅम आहे, सळईचं मानक आयएस १७८६ प्रमाणे एका नमुन्याला ८ टक्के घट चालते, म्हणजे साधारण ३६३ ग्रॅम. काटा ३५० दाखवत असेल तर तो गठ्ठा बाजूला काढा. त्याच साइटवरची १२ मिमी ८६२ भरली तर ती चालेल: प्रमाण ८८८, घट ६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८३५. जाड सळई टिकते, रिंगा आधी जातात.

वजन पास झालं तरी खड्डे बघा. वजन ही सरासरी असते, सळई तुटते ती सर्वात बारीक जागी. खोल खड्डे दिसले तर वाकवून बघा आणि ताण-चाचणीला पाठवा. साताऱ्याच्या कोयना पट्ट्यात भूकंपात सळई तुटण्याआधी ताणली जायला हवी, आणि खड्डे नेमका तोच गुण खातात.

सिमेंटचं पाणी गंजावर मारलं तर वाळून पापुद्रा होतो, म्हणजे आणखी एक सुटा थर. ते नव्या सळईला साठवणीआधी द्यायचं असतं, आणि काँक्रीटआधी सुटं झालेलं खरवडायचं.

सर्वात फसवी जागा म्हणजे प्लिंथवर काढून ठेवलेल्या कॉलमच्या सळ्या. काँक्रीटमधून बाहेर येतात तिथे पाणी साचतं आणि मान बारीक होते. नवी सळई जुनीला चिकटून बांधून वर लॅप करून उपयोग नाही, कारण कमजोर जागा लॅपच्या खाली राहते. तिथलं काँक्रीट फोडून ताजं लोखंड लागेपर्यंत खाली जा, आणि पुढचं इंजिनिअरला ठरवू द्या.