चेक सेलमधलं शून्य

"आमची प्रोव्हिजनची एक्सेल शीट लेजरशी जुळते, चेक सेलमध्ये शून्य आहे, शीट पासवर्डने लॉक आहे, फाइल फायनल आहे आणि सीएफओंनी ओके केलंय. तरी ऑडिटर एकेक फॉर्म्युला उघडून बसतात. हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. टोटल टॅली झालं की शीट बरोबर, एवढं साधं आहे."

हा मेसेज मार्च-एप्रिलमध्ये अकाउंट्सच्या ग्रुपवर फिरतो आणि त्याला भरपूर अंगठे मिळतात. लिहिणाऱ्याचा वैताग मी समजू शकते, कारण क्लोजिंगच्या दिवसांत ऑडिटरचा प्रत्येक प्रश्न रात्र लांबवतो. पण यातला युक्तिवाद चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून ताळेबंदात चुकीचे आकडे गेलेले मी पाहिलेत. म्हणून मुद्देसूद उत्तर देते.

शून्याबद्दल

एका वितरण कंपनीची शीट घ्या. ग्राहकांकडून येणं असलेल्या रकमांवर भारतीय लेखामानक 109 नुसार अपेक्षित पतनुकसानीची तरतूद, म्हणजे बुडू शकणाऱ्या पैशांची प्रोव्हिजन, करायची आहे. प्रत्येक बिल किती दिवस थकलंय ते काढायचं, त्यावरून बिल एका गटात टाकायचं आणि त्या गटाचा दर लावायचा. इथले दर असे आहेत: मुदत न संपलेल्या बिलांवर 0.5 टक्के, 90 दिवसांपर्यंत थकलेल्यांवर 2 टक्के, 180 पर्यंत 8 टक्के आणि त्यापुढे 30 टक्के. तारीख 31 मार्च 2025, ती `B2` मध्ये आहे. देय तारखा `D` कॉलममध्ये आहेत आणि थकलेले दिवस काढणारा फॉर्म्युला हा:

```
=IFERROR($B$2-D6,0)
```

बिलांची यादी अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून आली, तारखा आपल्या पद्धतीने, म्हणजे आधी दिवस मग महिना. ज्या लॅपटॉपवर ती उघडली त्याचं रिजनल सेटिंग मात्र अमेरिकन होतं. इथून घोळ सुरू झाला. 25/04/2024 ही तारीख अमेरिकन पद्धतीने वाचता येत नाही, कारण पंचविसावा महिनाच नसतो. त्यामुळे एक्सेलने ती तारीख न मानता मजकूर म्हणून ठेवली. मजकुरातून वजाबाकी होत नाही, एरवी तिथे `#VALUE!` दिसलं असतं. पण `IFERROR` ने ती चूक गिळली आणि शून्य दिवस लिहिले. 340 दिवस थकलेलं 18 लाखांचं बिल "मुदत संपलेली नाही" या गटात जाऊन बसलं. तरतूद व्हायला हवी होती 5,40,000 रुपयांची, झाली 9,000 ची.

दुसरं बिल 6 लाखांचं, देय तारीख 05/11/2024, म्हणजे 5 नोव्हेंबर. ही तारीख अमेरिकन पद्धतीने वाचता येते, म्हणून ती निमूटपणे 11 मे झाली. 146 दिवसांऐवजी 324 दिवस दिसले, दर 8 ऐवजी 30 टक्के लागला आणि तरतूद 48,000 ऐवजी 1,80,000 झाली.

आता टोटल बघा. दोन्ही बिलांच्या रकमा होत्या तशाच आहेत, फक्त गट बदलले. चारही गटांची बेरीज लेजरमधल्या येण्याशी पैशापर्यंत जुळते. चेक सेलमध्ये शून्य येतं, आणि ते शून्य खरंच आहे. एकही रुपया गळाला नाही एवढंच ते सांगतं. रुपया योग्य गटात पडला की नाही, हा प्रश्न त्या सेलला कोणी विचारलेलाच नसतो. शिवाय एक चूक तरतूद कमी करते, दुसरी वाढवते. दोन बिलांत मिळून एकूण फरक 3,99,000 चाच दिसतो. शेकडो बिलांत अशा चुका एकमेकींना इतक्या झाकतात, की गेल्या वर्षीच्या टक्केवारीशी तुलना करूनही शंका येत नाही.

म्हणून ऑडिटर बेरजेच्या पलीकडे जातात. पहिलं काम म्हणजे तारखेच्या कॉलममध्ये मजकूर किती आहे ते मोजणं:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(D6:D417))
```

उत्तर शून्यापेक्षा जास्त आलं की पुढचं बोलायला जागा मिळते. डोळ्यांनाही खूण दिसते: फॉरमॅट बदललेला नसेल तर खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे टेकते, मजकूर डावीकडे. दुसरी खूण म्हणजे उणे दिवस. 10/03/2025 उलटी वाचली की 3 ऑक्टोबर 2025 होते आणि मार्चअखेर ते बिल पुढच्या तारखेचं दिसतं. ज्या कंपनीत 45 दिवसांपेक्षा जास्त उधारी नाही, तिथे एखादं बिल उणे 186 दिवस दाखवत असेल तर तिथेच थांबायला हवं.

मग फॉर्म्युल्यांचा सारखेपणा. 412 ओळी असल्या तरी सगळ्या उघडून वाचाव्या लागत नाहीत. सेटिंगमध्ये R1C1 पद्धत चालू केली, म्हणजे सेलचा पत्ता फॉर्म्युल्यापासूनच्या अंतरात दिसायला लागला, की वरचा फॉर्म्युला प्रत्येक ओळीत अक्षरशः सारखाच दिसतो. जी ओळ वेगळी दिसते तिचाच प्रश्न उरतो. एक नमुना नीट तपासायचा आणि बाकीच्या ओळी त्याच्याच प्रती आहेत हे सिद्ध करायचं, एवढंच ते काम असतं. सगळ्यात भरवशाची चाचणी मात्र तुमच्या शीटला हातच लावत नाही. ऑडिटर स्वतःसमोर सॉफ्टवेअरमधून यादी काढून घेतात, वेगळ्या ठिकाणी पूर्ण गणित पुन्हा करतात आणि दोन्ही उत्तरं बिलागणिक ताडून बघतात.

"आमच्याकडे नवशिके आहेत, मोठ्या कंपन्यांत असं होत नाही" असंही म्हटलं जातं. 2012 साली जेपी मॉर्गन बँकेच्या लंडनमधल्या व्यवहारांत 6 अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. बँकेने स्वतःच नेमलेल्या चौकशी गटाचा अहवाल जानेवारी 2013 मध्ये आला. त्यात नोंदलंय, की जोखीम मोजणारं नवं मॉडेल एक्सेल शीट्सवर चालत होतं आणि आकडे एका शीटमधून दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट होत होते. एका ठिकाणी जुन्या आणि नव्या दराच्या फरकाला दोघांच्या सरासरीने भागायचं होतं, तिथे बेरजेने भागलं गेलं. दर 100 वरून 110 झाला तर 10 ला 105 ने भागून 9.52 टक्के यायला हवेत, बेरजेने म्हणजे 210 ने भागलं की 4.76 येतात. बरोब्बर निम्मे. स्क्रीनवर कुठेही लाल खूण नाही, आणि आकडा अगदी शक्य वाटणारा. जोखीम कमी दिसायला या चुकीने हातभार लावला.

लॉकबद्दल

इथे फार बोलण्यासारखं नाही. लॉक केल्यावर फॉर्म्युला बदलत नाही, पण चुकीचा फॉर्म्युला लॉक केला तर तो चुकीचाच टिकतो. वर्कशीट प्रोटेक्शन हे सुरक्षेचं साधन म्हणून बनवलेलं नाही, हे मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं. ते चुकून बोट लागण्यापासून वाचवतं. उलट प्रोटेक्शनच्या टॅबमध्ये फॉर्म्युला लपवण्याचा पर्याय असतो आणि तो लावला की तपासणाऱ्यालाही काही दिसत नाही. म्हणून ऑडिटर पासवर्ड मागतात. तो द्यायला खळखळ झाली तर माझ्या मते ती बाबच नोंदवण्यासारखी आहे.

नावातल्या "फायनल"बद्दल

`ECL_Mar25_Final_v3.xlsx` आणि `ECL_Mar25_Final_v3_rev.xlsx` या दोन्ही फायली शेजारी शेजारी असतात, हे अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. ऑडिटरचा प्रश्न वेगळा असतो: जेव्ही, म्हणजे तरतुदीची लेजरमधली जर्नल नोंद, कोणत्या फाइलवरून पडली? म्हणून ते लेजरमधल्या जेव्हीपासून मागे येतात. जेव्हीत 41,72,000 रुपये आणि हातात आलेल्या फाइलमध्ये 39,85,000 असतील, तर चर्चा फरकाची नंतर. आधी 41,72,000 देणारी फाइल समोर यायला हवी. मग दोन्ही फायली स्प्रेडशीट कंपेअरमध्ये टाकायच्या. ऑफिसच्या काही एंटरप्राइझ आवृत्त्यांसोबत ते मिळतं आणि कोणता सेल बदलला, फॉर्म्युल्याच्या जागी आकडा कुठे आला, हे रंगांनी दाखवतं. फाइलच्या "मॉडिफाइड" तारखेवर मात्र विसंबता येत नाही, कारण नुसती सेव्ह केली तरी ती बदलते.

आणखी एक सवय लावून घेण्यासारखी आहे. फाइल उघडली की आधी शेवटचा आकडा टिपून ठेवायचा, मग Ctrl+Alt+F9 दाबून सगळं गणित पुन्हा करायला लावायचं. कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर ठेवलेलं असेल तर आकडा डोळ्यांदेखत बदलतो. मग साहेबांनी सही केलेली प्रिंट कोणत्या क्षणाची होती, हे शोधावं लागतं.

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग आहे" हे उत्तर इथे अपुरं पडतं. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो असायलाच हवा, आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. पण जेव्ही कोणी, कधी टाकली आणि बदलली एवढंच तो लॉग सांगतो. 41,72,000 हा आकडा शीटमध्ये कसा घडला, याचा त्यात मागमूस नसतो.

मंजुरीबद्दल

सीएफओंनी ओके केलं तो एक आकडा. त्या आकड्याखाली कोणत्या सेलमध्ये फॉर्म्युला पुसून हाताने रक्कम टाइप केली आहे, हे त्यांना मेलमधल्या पीडीएफवरून दिसणं शक्य नाही. ऑडिटर आधी हे मोजतात:

```
=SUMPRODUCT(--NOT(ISFORMULA(H6:H417)))
```

समजा उत्तर 7 आलं. तरतुदीच्या कॉलममध्ये सात ठिकाणी कोणीतरी फॉर्म्युल्यावर हात फिरवलाय. हाताने बदल करणं हा गुन्हा नाही. ग्राहक दिवाळखोरीत गेला असेल तर 30 टक्के दर लावून भागत नाही, तिथे माणसाने निर्णय घ्यायलाच हवा आणि मानकाचीही तशीच अपेक्षा आहे. प्रश्न बदलाच्या जागेचा आहे. फॉर्म्युल्याचं उत्तर एका कॉलममध्ये, हाताने केलेली वाढ-घट शेजारच्या कॉलममध्ये, त्यापुढे कारण, करणाऱ्याचं नाव, तारीख आणि मंजुरी, असं मांडलं तर सातही ओळी पाच मिनिटांत तपासून होतात. पुसून लिहिलं की मूळ उत्तर काय होतं हेच हरवतं.

ऑडिटर मग त्या सात ओळींत मूळ फॉर्म्युला पुन्हा बसवतात आणि फरकाची दिशा बघतात. दोन ठिकाणी तरतूद वाढली, पाच ठिकाणी घटली असेल तर ते सातही निर्णय स्वतंत्रपणे घेतलेले असू शकतात. सातही ठिकाणी घटलीच असेल आणि नफा नेमका बँकेच्या कर्ज-अटींच्या जरा वर अडकला असेल, तर लेखापरीक्षण मानक 240 ज्या व्यवस्थापनाच्या हस्तक्षेपाबद्दल बोलतं, त्या दिशेने तपास वळतो. "हा ग्राहक पैसे देणारच आहे" असं कारण लिहिलेलं असेल तर त्याची कसोटी सोपी आहे. एप्रिल-मेचं बँक स्टेटमेंट काढायचं आणि पैसे आले का ते बघायचं. त्यासोबत गेल्या मार्चच्या फाइलमध्ये याच कारणाने कमी केलेल्या ओळी शोधायच्या आणि वर्षभरात त्यांतल्या किती वसूल झाल्या ते तपासायचं. तीच नावं यंदाच्या सातांत पुन्हा आली असतील, तर पुढची बैठक सीएफओंसोबत नाही, ऑडिट कमिटीसोबत लागते.