लिफ्टमधलं झुरळ कोणाचं?

परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी घडी केलेल्या वर्तमानपत्राने माझ्या खांद्यावरचं एक झुरळ अलगद टिपलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि म्हणाले, “हे तुमचं वाटतं.” विसरलेली छत्री परत करावी तसा स्वर. लिफ्टमध्ये आणखी चार माणसं होती आणि चौघांनीही एकाच वेळी माझ्यापासून पाव पाऊल मागे सरकण्याचा प्रयत्न केला. पुढच्याच क्षणी ते झुरळ वर्तमानपत्रावरून धावत काकांच्या पिशवीत शिरलं. हे फक्त मी पाहिलं आणि गप्प बसलो. सज्जनपणामुळे नाही, त्याला त्याच्या घरी परत जाऊ द्यावं म्हणून.

राग येण्याचं कारण असं की आठच दिवसांपूर्वी मी घरात तिसऱ्यांदा फवारणी करून घेतली होती. प्रत्येक वेळी तेच. दोन दिवस मेलेली झुरळं झाडून काढायची, आठवडाभर स्वतःवर खूश राहायचं आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठलं की ओट्यावर पळापळ. यात औषध बनावट असतं असं नाही आणि फवारणारा कामचुकार असतो असंही नाही. मुद्दा एवढाच, की आपण ज्याला ‘माझं स्वयंपाकघर’ म्हणतो ते झुरळाच्या लेखी एका मोठ्या घरातली एक खोली असते.

ही झुरळं म्हणजे गटारातून येणारी मोठी, लालसर, उडणारी नव्हेत. ही लहान असतात, जेमतेम दीड सेंटिमीटरची, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन गडद उभे पट्टे. यांना जर्मन झुरळ म्हणतात. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७६७ साली नावातच जर्मनी घातला. रशियन माणसं यांना ‘प्रशियन’, म्हणजे जर्मनीकडची, म्हणायची आणि जर्मनीत काही भागांत ‘रशियन’. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने सांगितलं, की यांचे पूर्वज साधारण २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरातल्या एका आशियाई जातीतून निघाले. म्हणजे ‘आमच्याकडे नव्हतीच, शेजारून आली’ हे वाक्य काकांनी शोधलेलं नाही. राष्ट्रंसुद्धा तेच म्हणत आली आहेत.

तर मी काकांची बेल वाजवली. चूक माझीच. पहिलं वाक्यच मी “तुमच्याकडे झुरळं झाली आहेत” असं बोललो. हे म्हणजे माणसाच्या तोंडावर त्याच्या घराण्याची स्वच्छता काढणं.

“आमच्याकडे?” काका म्हणाले. “आमच्याकडे एकही नाही.”

त्यांच्या मागच्या भिंतीवरून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, एक चाललं होतं.

“ते काय मग?”

काकांनी सावकाश मागे वळून पाहिलं. “ते तुमच्याकडून आलंय. मी दार उघडलं ना आत्ता.”

“मी हातात घेऊन आलो होतो का?”

“तुम्ही फवारणी करता तेव्हाच येतात. आठ दिवसांपूर्वी केलीत ना? त्याच रात्री आमच्या सिंकखाली गर्दी. तुम्ही हाकलता आणि आम्ही पोसायची.”

“म्हणजे आहेत.”

“आहेत असं मी म्हटलं नाही. येतात म्हटलं.”

सर्वांत चीड आणणारी गोष्ट ही, की काकांचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. अशा फवारणीत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. त्याने झुरळं मरतात तशी बिथरतातही. फवारलेल्या जागेपासून ती दूर सरतात, आणि दूर म्हणजे भिंतीतल्या पाइपच्या भोकातून पलीकडे. पाठीला पाठ लागलेल्या दोन स्वयंपाकघरांत पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच भिंतीतून जातात, आणि पाइपभोवतीची फट बुजवायला कुणाला सवड नसते. पिल्लाला एक-दीड मिलिमीटरची फट पुरते. पलीकडे औषध नसतं, खायला असतं, सांदी-कोपरे असतात. इकडचा थर जुना झाला की तिथली वाढलेली प्रजा पुन्हा इकडे.

दुसरं कारण अंड्यांचं. मादी तीस-चाळीस अंड्यांची कुपी शरीराच्या टोकाला लावून जवळजवळ फुटेपर्यंत, तीनएक आठवडे, वागवते. त्या काळात ती फारशी खात नाही, फटीत दडून बसते. फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचला तरी कुपीच्या कवचाआत सहसा जात नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणच्या झुरळांना ही औषधं आता लागूच पडत नाहीत. म्हणून तिसऱ्या आठवड्यातली ती पळापळ. ती कुठून उगवली, हे मात्र सापळा लावल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं मी दारात उभं राहून काकांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे फवारणी बंद करा.” हेच मला त्यांना सांगायचं होतं, पण त्यांनी आधी सांगितल्यामुळे ते आता त्यांचं मत झालं. होऊ दे.

भांडण मिटवायला चिकट सापळे लागतात. पुठ्ठ्याचे, आतून गोंद लावलेले. वर-खाली आणि दोन्ही बाजूंची मिळून पाच स्वयंपाकघरं, प्रत्येकात तीन सापळे: सिंकखाली पाइपजवळ, फ्रिजच्या मोटरमागे आणि शेगडीच्या बाजूच्या कोपऱ्यात. सापळा भिंतीला अगदी चिकटून ठेवायचा, कारण झुरळ कडेकडेने चालतं. मोकळ्या फरशीवर ठेवलेला सापळा रिकामाच राहतो आणि घरमालक उगाच हुरळतो. सापळ्यावर घराचा नंबर, जागा आणि तारीख. सात रात्रींनी सगळे एकाच दिवशी उचलायचे.

आमच्या पाच घरांचा निकाल असा आला: माझ्याकडे ७, काकांकडे ६४, वरच्या घरी ११, खालच्या घरी १९, बाजूच्या दुसऱ्या घरी शून्य. नुसत्या आकड्यापेक्षा आतला माल बघावा. माझ्या सातही झुरळांना पूर्ण पंख होते आणि सहा सिंकखालच्या, म्हणजे सामाईक भिंतीकडच्या सापळ्यात होती. ती पाहुणी. काकांच्या सापळ्यांत मोठ्यांबरोबर तांदळाएवढी आणि त्याहून बारीक पिल्लं होती. पिल्लं जन्मलेल्या फटीपासून फार लांब जात नाहीत, म्हणून जिथे सगळ्या वयाची सापडतात तिथेच वस्ती. खालच्या घरातही थोडी पिल्लं होती, म्हणजे तिथे दुसरी शाखा उघडलेली.

काकांनी त्यांचा सापळा उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “सापळा तुम्ही आणलेला. झुरळंही त्यातलीच असतील.”

यावर माणसाने काय बोलावं? मी विचारलं, चौसष्ट झुरळं सापळ्यासोबत पाकिटात घालून कोण विकतं? ते म्हणाले, हल्ली कशाचाच भरवसा नाही.

शेवटी त्यांना तयार केलं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी. त्यांनी ‘कोणाकडून आली’ हा विषयच काढला नाही. “पाइप सगळ्यांचा एक आहे, तर औषधही सगळ्यांनी एकाच दिवशी लावू. तुमच्याकडे शनिवारी सकाळी चालेल की दुपारी?” एवढंच विचारलं. काका म्हणाले, सकाळी. आम्ही आठ दिवस जे पुरावे गोळा केले त्यांचं काय, हा माझा प्रश्न अजून तसाच आहे.

शनिवारी शून्यवाल्यासकट पाचही घरांत जेल लावलं. जेल म्हणजे खाद्यात मिसळलेलं विष. झुरळ ते खाऊन लगेच मरत नाही, फटीत परत जाऊन मरतं आणि तिथली पिल्लं त्याची विष्ठा नि मढं खातात, म्हणून वस्तीच्या आतपर्यंत विष पोहोचतं. थेंब काडीपेटीतल्या काडीच्या डोक्याएवढा. चार मोठे गोळे लावण्यापेक्षा वीस-तीस बारीक थेंब बरे, कारण पिल्लं लांब चालत नाहीत, जेवण त्यांच्या दारात न्यावं लागतं. कपाटाच्या बिजागऱ्यांपाशी, खणांच्या मागच्या कडांना, ओट्याच्या खालच्या बाजूला, फ्रिजच्या मागे, पाइप भिंतीत शिरतो तिथे. भांडी-अन्न ठेवायच्या जागी, मुलांच्या किंवा जनावरांच्या हाताला लागेल तिथे नाही. मात्रा पाकिटावर लिहिलेली असते, तीच धरावी.

आणि जेलच्या आसपास फवारा मारायचा नाही, फिनेलने पुसायचं नाही. वास लागला की झुरळ त्या थेंबाला तोंड लावत नाही. काकांनी रविवारी, ‘जोडीला थोडं असावं’ म्हणून, हौसेने फवाराच मारला. पाच दिवसांनी झुरळं सापडलेल्या आमच्या बाकी तीन घरांतले थेंब कुरतडलेले आणि त्यांच्याकडचे जसेच्या तसे, चकाकणारे. न खाल्लेलं जेल म्हणजे त्या जागी झुरळ नाही किंवा जेल बिघडलंय. शेजारच्या सापळ्यात झुरळं पडत असतील तर दुसरं. सगळं साबणाने पुसून, वाळवून त्यांच्याकडे पुन्हा लावलं. वेळ गेला तो पाचही घरांचा.

दुसरी फेरी दोन आठवड्यांनी, कारण दडलेल्या माद्यांच्या कुप्या आता फुटलेल्या असतात. तिसरी आणखी दोन आठवड्यांनी. महिनोन्महिने तेच जेल वापरलं तर त्यालाही झुरळं सरावतात, म्हणून पुढे कधी लागलंच तर वेगळ्या घटकाचं आणायचं. नुसतं वेगळ्या नावाचं नव्हे, मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचायचं. दरम्यान पाइपभोवतीच्या फटी दोन्ही बाजूंनी सिलिकॉनने बुजवल्या. मोठ्या भोकात आधी फोमचा तुकडा कोंबला. हवा खेळायची जाळी मात्र बंद करायची नाही, तिच्यावर बारीक जाळी बसवायची. एकट्या माझ्या बाजूने बुजवून भागलं नसतं, कारण भिंतीच्या पोटात त्यांना राहायला जागा उरते आणि ती वरच्या घरात निघतात.

सहाव्या आठवड्यात पुन्हा सात रात्री सापळे. वर शून्य, खाली २, दोन्ही मोठी, पिल्लं नाहीत. काकांकडे ३. माझ्याकडे १.

काकांनी आपले तीन बघितलेच नाहीत. माझा सापळा हातात घेतला, त्यातलं ते एकुलतं एक झुरळ चष्म्यातून न्याहाळलं आणि म्हणाले, “बघा. तुमच्याकडे अजून आहेत.”