अंशतः सिद्ध, पूर्णतः गुळगुळीत

चौकशी संपली. नऊ जणांचे जबाब झाले, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट छापून फाइलला लागले आणि अहवालाच्या शेवटच्या पानावर दोन शब्द उरले : 'अंशतः सिद्ध'. शाखाधिकारी साहेबांना हे पत्राने कळवायचं काम आस्थापना विभागात बसलेल्या तुमच्या गळ्यात पडलंय. घाबरू नका. मी अशी पत्रं बरीच वर्षं लिहिली. त्यातल्या एकाही पत्राने एकाही साहेबाचा स्वभाव बदलला नाही, तेव्हा सल्ला देण्याचा अधिकार माझा आहे.

समजा, तुमची एक सहकारी बँक आहे. तक्रारदार कर्ज विभागातली अधिकारी. तिचे आरोप पाच. पहिला, सोमवारी साडेनऊच्या मीटिंगमध्ये थकबाकीच्या यादीत एक खातं राहिलं म्हणून साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "डिग्री रेशनवर मिळाली का गं?" चौघांनी ऐकलं, चौघांनी वेगवेगळं बसून तेच सांगितलं. दुसरा, रात्री साडेअकराला शाखेच्या ग्रुपवर तिचं नाव घेऊन "झोपलात का मॅडम?" असे मेसेज, एका महिन्यात चौदा. ते छापलेलेच आहेत. तिसरा, रजा मुद्दाम नाकारली. पण तो मार्चअखेरचा आठवडा होता आणि आणखी दोघांचीही रजा नाकारली होती. चौथा, सूड म्हणून गोपनीय अहवालात गुण कमी दिले. ते गुण पहिल्या खटक्याच्या आधीच नोंदलेले निघाले. पाचवा, कर्ज समितीच्या बैठकीचं निमंत्रण दिलं नाही. दिलं नाही हे खरं, पण मुद्दाम की विसरून, हे कागदावरून कळत नाही.

म्हणजे दोन सिद्ध, दोन असिद्ध, एकाला पुरावा अपुरा. एखादा नवखा कारकून हे जसंच्या तसं लिहून टाकेल : कोणत्या तारखेला काय घडलं, काय ठरलं, कशावरून ठरलं. असं पत्र साहेबांना एका वाचनात कळतं, हाच त्याचा दोष. तुम्ही लिहा : "उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, काही प्रसंगी काही शब्दांचा वापर झाला असल्याचे काही अंशी निदर्शनास आले आहे." वाक्यात शब्द वापरले गेले, वापरणारा कोणी नाही. आपल्या कचेरीतल्या मराठीची ही खुबी इतर भाषांनी शिकावी. 'रेशन' हा शब्द तर पत्रात चुकूनही येऊ देऊ नका. तो आला की मीटिंग आठवते, तिचा चेहरा आठवतो, आणि काय बोलायचं बंद करायचं हे साहेबांना नेमकं समजतं.

असिद्ध आरोपांना मात्र हात आखडू नका. 'सिद्ध झाला नाही' आणि 'खोटा ठरला' यांत फरक आहे असं जुने चौकशी अधिकारी सांगतात. पहिल्याचा अर्थ, हाती आलेल्या पुराव्यावरून म्हणता येत नाही. दुसऱ्याचा अर्थ, बाई खोटं बोलली. तुम्ही सरळ दुसरं वापरा, आणि पाचवा आरोपही त्यातच ढकला. साहेब ती ओळ हिरव्या हायलायटरने रंगवतील आणि पत्र टेबलाच्या काचेखाली ठेवतील, वरच्या बाजूला.

पहिले दोन आरोप तरी सिद्ध कसे, असं साहेब विचारतीलच. अशा चौकशीत फौजदारी कोर्टासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही, घडलं असण्याची शक्यता न घडण्यापेक्षा जास्त वाटली तरी पुरतं, हे त्यांना समजावू नका. "बघू या साहेब, रेकॉर्डिंग तर नाहीच," एवढंच पुटपुटा.

आता सुधारणेचे उपाय. इथे खरी कारागिरी आहे. "रात्री आठनंतर ग्रुपवर कोणाचंही नाव घेऊन मेसेज नाही, कामातली चूक दाखवायची तर केबिनमध्ये, दोघांत, आणि नंतर ईमेलवर, तीस आणि नव्वद दिवसांनी मुख्य कार्यालयातला माणूस येऊन शाखेतल्या प्रत्येकाशी एकेकटं बोलेल" असं काही लिहू नका. पाळलं की मोडलं, हे शिपायालाही सांगता येईल अशी अट घालणं म्हणजे साहेबांचा अपमान. "यापुढे सौजन्यपूर्ण वातावरण राखावे" हे पुरे. सौजन्य मोजायचं माप कुठल्याच शाखेत नसतं. नव्वद दिवसांचा आढावा ठेवायचाच असेल तर त्याचा फॉर्म साहेबांनीच भरून पाठवावा.

शिवाय सगळ्या शाखेला 'सुसंवाद' या विषयावर शनिवारी तीन तासांचं प्रशिक्षण लावा. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं कोणी म्हणालंच तर त्याला पुढच्या रांगेत बसवा. साहेब उद्घाटनाला येतील आणि दीपप्रज्वलनानंतर वसुलीला जातील.

वरिष्ठ फारच चिडलेले असतील तर पत्रातच "एक वेतनवाढ रोखण्यात येत आहे" असं ठोकून द्या. कडक वाटतं आणि काही बिघडत नाही. वेतनवाढ रोखणं ही शिक्षा. तिच्या आधी आरोपपत्र हवं, खुलासा हवा, सेवानियम सांगत असतील तर खातेनिहाय चौकशीही हवी. तुमची झाली ती तक्रारीची चौकशी, तेवढ्यावर शिक्षा टिकत नाही. साहेब अपील करतील, नैसर्गिक न्यायाचा मुद्दा काढतील, शिक्षा रद्द होईल आणि तिच्याबरोबर ग्रुपचा, मीटिंगचा, सगळ्याचाच विषय बासनात जाईल. साधा मेसेजबंदीचा नियम असता तर त्यावर अपिलात बोलणार काय? अपील ऐकायला मात्र साहेबांना बढती देणारे अधिकारीच ठेवा. त्यांना पार्श्वभूमी माहीत असते.

एक पथ्य पाळा. मेसेजमध्ये लैंगिक छटा असेल तर ही वाट तुमची नाही. तिथे २०१३चा कायदा आणि अंतर्गत समिती आहे. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल द्यावा लागतो, संबंधित दोन्ही बाजूंनाही तो मिळायला हवा, आणि शिफारशींवर ६० दिवसांत कृती. नुसत्या पाणउताऱ्यासाठी खासगी नोकरीत असा वेगळा कायदा नाही, जे काही आहे ते बँकेच्या स्वतःच्या धोरणात. म्हणून 'मॅडम' या शब्दात काय छटा आहे, ते खोलात शिरून विचारू नका.

राहिली तक्रारदार. 'तक्रार करणाऱ्यावर राग काढल्यास ती स्वतंत्र गैरवर्तणूक समजली जाईल' ही ओळ साहेबांना खुपते, ती गाळा. तिचा पुढचा गोपनीय अहवाल दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा, ही सूचनाही गाळा. मार्च काही लांब नाही. निकाल काय लागला हे तिला लेखी कळवू नका, गोपनीयता आहे ना. ती विचारायला आलीच तर चहा मागवा आणि म्हणा, "ताई, योग्य ती कार्यवाही झाली आहे."

मग एका दुपारी साहेब तुमच्या टेबलाशी येतील. पत्र चार घड्या करून शर्टाच्या खिशात, पेनच्या मागे. आवाज मऊ. "छान लिहिलंत हो. म्हणजे तसं काही निघालं नाही ना?" तुम्ही मान डोलवा. ते खुर्ची ओढून बसतील, इकडेतिकडे बघतील आणि विचारतील, "बरं, मग आता तिचं काय करायचं?"

बदलीचे फॉर्म डावीकडच्या खालच्या खणात असतात.