कंस वाढवले की जोर वाढतो?

"प्रॉम्प्टमध्ये जी गोष्ट हवीच, तिला जमतील तेवढे कंस लावा. कमी हवी असेल तर चौकोनी कंसात ०.५ लिहा, अर्ध्यावर येते. कुठल्याही एआयमध्ये चालतं."

हा फॉरवर्ड आता घरच्या ग्रुपवरही येऊन पोचला, तेव्हा एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी चौकोनी कंस, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. चित्रं बनवणाऱ्या स्टेबल डिफ्यूजनसाठी AUTOMATIC1111 हा प्रोग्रॅम वापरताय आणि लाल छत्री जरा दबलेली हवी आहे असं धरा. फॉरवर्डच्या सल्ल्यानं प्रॉम्प्ट असा होतो:

```
woman in green saree, [red umbrella:0.5], rain
```

यात छत्रीचं वजन, म्हणजे तिच्यावरचा जोर, अर्धं होतच नाही. चौकोनी कंसात कोलन आणि आकडा आला की ते वेळापत्रक ठरतं. चित्र २० स्टेपमध्ये बनत असेल तर पहिल्या १० मध्ये छत्री प्रॉम्प्टमध्ये नसतेच, आणि त्यानंतर ती पूर्ण ताकदीनं येते. चित्राची मांडणी सुरुवातीच्या स्टेपमध्येच ठरलेली असते. उशिरा आलेल्या छत्रीला जागा मिळत नाही, ती पुसट होते किंवा उमटतच नाही, आणि लोक म्हणतात, बघा, वजन कमी झालं! पटत नसेल तर सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवून 0.5 चं 0.1 करा. वजन असतं तर छत्री आणखी फिकी पडली असती. उलट ती ठळक होते, कारण आता ती तिसऱ्या स्टेपपासूनच आत आहे. या प्रोग्रॅमच्या विकीत जोर देणं आणि प्रॉम्प्ट मध्येच बदलणं हे दोन वेगळे विभाग आहेत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं ते पान उघडलेलं दिसत नाही. खरंच कमी करायचं तर गोल कंस:

```
(red umbrella:0.6)
```

आकडा न लिहिता नुसता चौकोनी कंस लावला तर जोर १.१ नं भागला जातो, एवढं मात्र खरं.

गोल कंसानं जोर वाढतो, हेही मान्य. पण दर जोडीला १.१ नं गुणाकार होतो, म्हणजे पाच जोड्यांचे झाले १.६१. एवढ्यावर रंग जळल्यासारखे भडक होतात, एकीच्या दोन छत्र्या होतात, लाल रंग साडीवर उतरतो. शिवाय हा प्रोग्रॅम गुणाकारानंतर सगळ्या आकड्यांची सरासरी पुन्हा मूळ पातळीवर आणतो, त्यामुळे प्रत्येक शब्दाला कंस लावले तर फरक जवळजवळ शून्य. शब्द निवडून Ctrl आणि वरचा बाण दाबा, ०.१ नं वाढवत जा. बहुतेक वेळा १.३ च्या आतच काम होतं.

आणि "कुठल्याही एआयमध्ये"? स्टेबल डिफ्यूजनचाच दुसरा प्रोग्रॅम ComfyUI गोल कंस वाचतो, पण तिथे ती सरासरीची दुरुस्ती नाही, म्हणून तोच आकडा जास्त जोरात लागतो. मिडजर्नीत वजनाची खूण `::` आहे. चॅटजीपीटीला कंस म्हणजे नुसतं विरामचिन्ह. तिथे सरळ लिहा की छत्री लहान आणि मागे हवी.